निजामपुऱ्यातल्या योगवर्गाचं बारसं

ठाण्याच्या नौपाड्यात घंटाळी देवीचं देऊळ आहे. त्या देवळावरून आसपासच्या वस्तीला घंटाळी म्हणतात, आणि वस्तीवरून १९६५ साली स्थापन झालेल्या एका संस्थेचं नाव पडलं घंटाळी मित्र मंडळ. परक्या माणसाने हे नाव ऐकलं तर त्याला वाटावं की ही मंडळी गणपती बसवत असतील, फार तर एकांकिका स्पर्धा भरवत असतील. प्रत्यक्षात अण्णा व्यवहारे यांच्या पुढाकाराने ही संस्था योगाचे वर्ग घेण्यासाठी ओळखली गेली आणि ठाण्यातल्या कित्येक घरांतली माणसं तिथे पहिल्यांदा पद्मासनात बसली, किंवा बसायचा प्रयत्न करून हसली. नावात योग हा शब्दच नाही. वस्ती आहे आणि मैत्री आहे. ठाण्यातलीच दुसरी मोठी संस्था म्हणजे निकम गुरुजींचं अंबिका योग कुटीर. तिथे योग आहे, पण शेवटचा शब्द कुटीर, म्हणजे झोपडी. दोन्ही नावांत मोठेपणाचा आव नाही.

कशेळीची खाडी ओलांडून भिवंडीत, निजामपुऱ्यात, आज कुणी योगवर्ग काढायचा म्हटलं तर नाव काय ठेवावं, हा प्रश्न मला या दोन नावांमुळे सुचला. योगवर्गाला पहिल्यांदा येणारं माणूस बिचकलेलं असतं. त्याला आपली ढेरी आठवते, गुडघा आठवतो, शाळेतल्या पी.टी.च्या तासाला उडालेली फजिती आठवते. स्त्री असेल तर कपडे कुठले घालायचे, शेजारी पुरुष असतील का, खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे का, हे प्रश्न त्याच्या आधी येतात. यातलं नाव किती सोडवू शकेल? थोडंच. पण जे सोडवायचं ते आधीच सोडवावं लागतं, कारण माणूस वर्गात पाऊल टाकण्याआधी त्याला ते नाव तोंडाने उच्चारावं लागतं. रिक्षावाल्याला सांगावं लागतं, घरी सांगावं लागतं. सासूने विचारलं, ‘कुठे निघालीस गं?’ तर उत्तरात ते नाव येणार. ‘मोक्ष स्टुडिओला जाते,’ असं लूमच्या खडखडाटात ओरडून सांगायची वेळ आली की पुष्कळ जणी घरीच थांबतील. नावाची पहिली कसोटी पाटीवर नसून या वाक्यात असते.

उच्चार आणि भीती यांचा संबंध प्रयोगांतही दिसला आहे. ह्युंजिन साँग आणि नॉर्बर्ट श्वार्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली लोकांना खाद्यपदार्थांत घालायच्या रसायनांची बनावट नावं वाचायला दिली. काही नावं जिभेवर सहज येणारी होती, काही अडखळायला लावणारी. रसायनांबद्दल दुसरी काहीच माहिती दिली नव्हती, तरी अडखळायला लावणारं नाव असलेलं रसायन लोकांना जास्त अपायकारक वाटलं. जत्रेतल्या उंच पाळण्यासारख्या खेळांच्या नावांचंही तसंच झालं. अवघड नावाचा खेळ लोकांना जास्त धोक्याचा वाटला आणि जास्त थरारकही. थरार विकायचा असेल तर अवघड नाव कामाचं आहे. कंबर धरलेल्या पन्नाशीच्या माणसाला मात्र थरार नको असतो. ‘ऊर्ध्वगामी’, ‘अष्टांगविन्यास’ ही नावं वाचताना जीभ अडखळते, आणि जीभ अडखळली की मन म्हणतं, हे आपल्या आवाक्यातलं नाही.

योगाच्या इतिहासातही नाव आणि गिऱ्हाईक यांचं नातं स्पष्ट दिसतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात आश्रम काढला, त्याचं नाव कैवल्यधाम. कैवल्य म्हणजे योगशास्त्रातलं शेवटचं टोक. गाडीतून उतरून मुद्दाम तिथवर जाणाऱ्या साधकाला आणि अभ्यासकाला ते नाव शोभतं, कारण तो ठरवूनच आलेला असतो. पण याच संस्थेने १९३० च्या दशकात मुंबईत, मरीन ड्राइव्हवर, शहरी माणसांसाठी केंद्र उघडलं तेव्हा पाटीवर आलं ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र. समुद्रावर फिरायला येणाऱ्या मुंबईकराला कैवल्य नको होतं, पोट साफ व्हायला हवं होतं, झोप लागायला हवी होती. त्याच्याही आधी, १९१८ साली, श्री योगेंद्रांनी वर्सोव्याला संस्था काढली. पुढे ती सांताक्रूझला गेली. संसारी माणसाला योग शिकवायचा हा त्यांचा आग्रह होता आणि नाव तितकंच सरळ होतं: द योगा इन्स्टिट्यूट. एका अर्थी हे नाव इतकं साधं आहे की ते आधी घेऊन ठेवलं म्हणूनच शोभलं. आज कुणी तसंच ठेवायला गेलं तर शंभर जणांत हरवून जाईल.

आता निजामपुरा. शहराच्या महानगरपालिकेचं पूर्ण नाव भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका असं आहे, म्हणजे या वस्तीचं नाव आधीच सगळ्या शहराच्या कागदावर बसलेलं आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती. इथे कोकणी मुसलमानांची जुनी घरं आहेत. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांच्या पिढ्या आहेत. पद्मानगरकडे तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत. मराठी बोलणारे आगरी आणि इतर आहेत, आणि लूमवर व गोदामांत कामाला आलेली उत्तर प्रदेश-बिहारची माणसं आहेत. उर्दू, हिंदी, मराठी, तेलुगू या चारही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. इथल्या नावाला एकच गल्ली ओलांडताना चार वेळा रूप बदलावं लागू नये.

ही अट वाटते त्यापेक्षा कडक आहे. ‘ज्ञान’ घ्या. मराठी माणूस द्न्यान म्हणतो, हिंदी-उर्दूवाला ग्यान. ‘ळ’ मराठीला आणि तेलुगूला सोपा, हिंदी-उर्दूच्या तोंडी त्याचा ल होतो. घंटाळी मित्र मंडळ नौपाड्यात जसं बोललं जातं तसं निजामपुऱ्यात बोललं जाणार नाही, आणि आपण चुकीचं उच्चारतो आहोत ही जाणीव नवख्याला आणखी लाजवते. उलट बाजूने, नुक्त्याचा ज़ किंवा घशातून येणारा ख़ घातलेलं नाव मराठी आणि तेलुगू माणसाला अडतं. ‘ज़िंदगी’ सगळ्यांना ओळखीचं असलं तरी ‘ख़ुशगवार’ नाही.

घंटाळीचा साचा इथे जसाच्या तसा उचलता येणार नाही, याचं उच्चार हे एकच कारण नाही. आजच्या भिवंडीत ‘मित्र मंडळ’ म्हटलं की उत्सव, वर्गणी आणि मांडव आठवतो. ज्या घरांत त्या मांडवाशी संबंध नाही त्यांना ते नाव ‘तुमचं’ वाटेल. साठच्या दशकातल्या नौपाड्यात ही अडचण नव्हती, कारण तिथे मित्र म्हणजे कोण हे सगळ्यांना माहीत होतं. मात्र घंटाळीचा अर्धा भाग, म्हणजे वस्तीचं नाव, इथेही कामाला येतो. त्याचा एक दाखला भिवंडीच्याच इतिहासात आहे. १९८४ च्या भयंकर दंगलीनंतर, त्या दशकाच्या अखेरीला, पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी शहरात मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं आपापल्या मोहल्ल्याच्या नावाखाली एकत्र बसली. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, त्याचं बरंच श्रेय या कमिट्यांना दिलं जातं. त्या यशामागे पोलिसांचे आणि नागरिकांचे कष्ट होते, नावाचा वाटा लहान. पण कमिटीवर कुणाच्याही धर्माचं नाव न घालता मोहल्ल्याचं घातलं, हे त्या रचनेशी सुसंगतच होतं. मोहल्ला दोघांचाही असतो.

म्हणून पाटीवर निजामपुरा हवा, यात मला शंका नाही. त्यातून अंतर कळतं, आणि ‘हे आपल्याकडचं आहे’ हेही कळतं. एक गोम मात्र आहे. बडोद्यात निजामपुरा नावाचंच मोठं उपनगर आहे. मोबाइलवर ‘निजामपुरा योगा’ असं शोधलं की गुजरातमधले वर्ग समोर येण्याची पुरेपूर शक्यता असते, त्यामुळे कुठेही लिहिताना भिवंडी जोडावं लागतं. गूगलच्या नकाशावर नोंद करताना तिथे फक्त पाटीवरचं खरं नाव लिहायचं असतं. ‘बेस्ट योगा क्लास भिवंडी लेडीज वेट लॉस’ अशी शेपटी लावली तर ते नियमाविरुद्ध आहे आणि नोंद बंद होऊ शकते. गाव आणि गल्ली पत्त्याच्या रकान्यात लिहावी. नुसता निजामपुरा हे नाव म्हणून अपुरंही पडतं. उद्या पद्मानगरात दुसरी शाखा निघाली तर तिथली माणसं ‘निजामपुरा योग’ला का येतील? म्हणजे मधला एक शब्द स्वतःचा हवा, वस्तीचं नाव त्याच्या खाली.

तो स्वतःचा शब्द निवडायला बसलं की पहिल्या फेरीत नेहमीची नावं येतात. ‘चक्र’, ‘निर्वाण’, ‘ओंकार’ ही नावं देवघराच्या बाजूची आहेत. निजामपुऱ्यात निम्म्याहून अधिक घरांना ती दारातच थांबवतील, आणि त्यांना थांबवायचं नसेल तर ती नकोत. याचा अर्थ नावाने काही लपवायचं असा नाही. वर्गाची सुरुवात प्रार्थनेने होणार असेल आणि भिंतीवर देवाची तसबीर असेल, तर नाव कितीही मोकळं ठेवलं तरी आलेली बाई पुन्हा येणार नाही, आणि फसवल्यासारखं वाटलं तर चार जणींना सांगेल. नाव मोकळं ठेवायचं तर आतलं वातावरणही तसंच ठेवावं लागतं.

दुसऱ्या फेरीत ‘पॉवर’, ‘फ्लेक्स’, ‘फिट’ येतात. ही जिमची भाषा. पॉवर म्हटलं की भिवंडीत आधी लूम आठवतो, मग विजेचं बिल. शिवाय ज्याला वाकता येत नाही तो ‘फ्लेक्स’ वाचून पुढे जातो.

तिसरी फेरी जास्त फसवी, कारण तिच्यात हेतू चांगला असतो. ‘पहिलं पाऊल’, ‘नवशिके’, ‘सुरुवात’. नवख्यांसाठी काढलं आहे तर नावातच सांगून टाकू! पण सहा महिन्यांनी जी बाई सहज पवनमुक्तासन करते ती ‘नवशिके’ला जाते असं किती दिवस सांगेल? आणि जो पहिल्या दिवशी येतो त्यालाही आपल्या कपाळावर चिठ्ठी चिकटवल्यासारखं वाटतं. नवखेपणाचा आधार वर्गाच्या नावाला नको, तुकडीच्या नावाला द्यावा. ‘पहिला महिना’ अशी तुकडी असली की काम झालं. महिना संपतो, माणूस पुढच्या तुकडीत जातो, आणि मोठं नाव सगळ्यांचंच राहतं.

‘दम’ या शब्दाने मला थोडा वेळ मोहात पाडलं होतं. उर्दू, हिंदी, मराठी तिन्हींत तो आहे, श्वासाशी जोडलेला आहे, आणि मराठीत ‘दमाने घ्या’ म्हणजे सावकाश, घाई नको. अगदी हवं तेच. पण ‘दम देणे’ म्हणजे धमकावणे, ‘दम लागणे’ म्हणजे धाप, आणि एक काना वाढला की दमा. शिवाय हिंदीत दम मारणे म्हणजे गांजाचा झुरका. श्वासाचा आजार असलेल्यांना बोलवणाऱ्या वर्गाला हे नाव पेलवणार नाही. शब्द निवडताना त्याचा चांगला अर्थ तपासून भागत नाही. चारही भाषांतला वाईट अर्थ आणि थट्टेतला अर्थही तपासावा लागतो, आणि त्यासाठी शब्दकोशापेक्षा नाक्यावरचा पंधरा वर्षांचा पोरगा उपयोगी पडतो. त्याला हसू आलं तर नाव बाद.

मला शेवटी पटतं ते नाव ‘चटई’. मराठीत चटई, हिंदी-उर्दूत चटाई; फरक फक्त एका कान्याचा, आणि तो ऐकताना खटकत नाही. तेलुगूत घरी वेगळा शब्द असला तरी बाजारातून हा ओळखीचा झालेला असतो. ही वस्तू प्रत्येक घरात आहे, कीर्तनाला अंथरतात, मशिदीत अंथरतात, पाहुणा आला की अंथरतात. चटईवर बसायला कुठलीही पात्रता लागत नाही. ‘चटईला जाते’ हे वाक्य सासूसमोर म्हणता येतं. ती हसेल, पण घाबरणार नाही. आणि वर्गात खरोखर जे होतं त्याचा हा सर्वात खरा भाग आहे: चटई अंथरायची आणि तिच्यावर बसायचं.

तोटेही आहेत. भिवंडी हे कापडाचं गाव. नुसती ‘चटई’ अशी पाटी लावली तर पहिल्या आठवड्यात लोक भाव विचारायला येतील. म्हणून पुढे काम सांगणारा शब्द लागतो, आणि इथे ‘स्टुडिओ’ अडचणीचा आहे, कारण आपल्याकडे स्टुडिओ म्हणजे पासपोर्टचे फोटो. ‘अकादमी’त परीक्षा आणि स्पर्धा डोकावते. ‘केंद्र’ म्हटलं की आरोग्य केंद्र, म्हणजे सरकारी रांग किंवा उपचार, आणि मग लोक स्लिप डिस्कचे एमआरआय घेऊन येतात. ‘क्लास’ मात्र चारही भाषांत तोच आहे. महिन्याची फी असते, वेळ ठरलेली असते, न जमलं तर सोडता येतो, हे त्या शब्दातच येतं. शुद्धतेचा आग्रह धरणारे ‘योगा’ला नाक मुरडतील, मीही एरवी मुरडतो, पण इथे सगळ्या तोंडी ‘योगा क्लास’ हेच आहे. तेव्हा: ‘चटई’, खाली ‘योगा क्लास, निजामपुरा, भिवंडी’.

पाटी रंगवायला देण्याआधी कायद्याची बाब. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची आहे. मराठी आधी हवी, आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. दुसरी लिपी लावायला मनाई नाही. चटई हे नाव देवनागरीत तीन अक्षरांत बसतं, लांबून वाचता येतं, आणि त्याखाली उर्दूत तेच लिहिलं तरी नाव दोन शब्दांतच पुरं होतं. उर्दूबद्दल कुणी हरकत घेतली तर अकोला जिल्ह्यातल्या पातूरचं उदाहरण आहे. तिथल्या नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होती, त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी फेटाळली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे असं स्पष्ट केलं. तो खटला सरकारी पाटीचा होता. खाजगी वर्गाला तर दुसरी लिपी लावण्याची मोकळीक आधीपासूनच आहे.

ट्रेडमार्क घ्यायचा का, हा पुढचा प्रश्न. शिकवण्याच्या सेवा ४१ व्या वर्गात मोडतात, आणि व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. ‘योगा क्लास निजामपुरा’ हे नुसतं वर्णन आहे, त्यावर हक्क मिळणं कठीण. ‘चटई’ योग शिकवण्याचं थेट वर्णन करत नाही, म्हणून तिची बाजू बरी. पण आधी ट्रेडमार्क नोंदवहीच्या संकेतस्थळावर ४१ व्या वर्गात तेच किंवा तसंच नाव आहे का हे शोधावं. शोधायला पैसे लागत नाहीत. एका गल्लीतल्या वर्गाला पहिल्याच दिवशी अर्ज करायची घाई नसते.

पाटीवर नावाखालची जागा नावाइतकीच महत्त्वाची. ‘बायकांसाठी दुपारी ३ ते ४, शिक्षिका’ ही एक ओळ निम्मे प्रश्न मिटवते. चित्र लावायचंच असेल तर कमान झालेल्या सडपातळ मुलीची सावली नको, ती बहुतेक सगळ्या पाट्यांवर असते आणि बहुतेक सगळ्या नवख्यांना परत पाठवते. ओढणी घेऊन मांडी घालून बसलेली पंचेचाळिशीची बाई, किंवा खुर्चीवर बसून हात वर केलेले आजोबा, हे चित्र नावाचं काम पुढे नेतं.

नाव लागू पडलं की नाही हे कळायला महागडी पाहणी लागत नाही. आधी फोनवर तपासावं: यंत्र चालू असलेल्या कारखान्यातल्या कुणाला तरी नाव एकदाच सांगायचं आणि त्याला ते लिहून पाठवायला लावायचं. मग रिक्षावाल्याला सांगून बघायचं. हे जमलं की पहिले तीन महिने साधा फ्लेक्स लावावा, कोरलेली अक्षरं नंतर. त्या काळात येणाऱ्या प्रत्येक फोनवरचा आणि दारातला पहिला प्रश्न वहीत जसाच्या तसा लिहावा. ‘वजन किती कमी होईल?’ हा प्रश्न वारंवार आला तर पाटी जिमसारखी वाचली जाते आहे. ‘फी आहे की ट्रस्टचं आहे?’ असं विचारत असतील तर ती धार्मिक संस्थेसारखी वाचली जाते आहे. ‘चटई कितीला?’ असं विचारलं तर योगा क्लास ही अक्षरं मोठी करायला हवीत. ‘मला खाली बसता येत नाही, चालेल का?’ हा प्रश्न येऊ लागला की नाव बदलायचं कारण नाही. आता उत्तर फोन उचलणाऱ्याने द्यायचं आहे, आणि त्यासाठी कोपऱ्यात दोन खुर्च्या ठेवाव्या लागतील.